काजूचा हंगाम आणि नव्वद दिवसांचा आडाखा

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या काजू कारखानदाराचे पैसे वर्षभर कसे फिरतात, ते मार्च ते मे या तीन महिन्यांतच ठरून जातं. वर्षभर लागणारी काजू बी याच काळात घ्यावी लागते, आणि बागायतदाराला पैसे रोख हवे असतात. मग ती बी उन्हात वाळवून गोदामात भरायची आणि पुढे महिनोन् महिने लागेल तशी काढून उकडायची, फोडायची, सोलायची, प्रतवारी लावायची. गर विकला जातो तो हळूहळू, आणि त्यातलाही बराचसा उधारीवर. बीला दिलेला रुपया गराचा रुपया होऊन परत यायला जितके दिवस लागतात, तितके दिवस तो कुणीतरी पुरवावा लागतो. हे दिवस मोजण्याची रीत म्हणजे रोख रूपांतर चक्र, बोलीत कॅश सायकल.

आपल्या बँका पूर्वी कर्ज देताना मुख्यतः तारण बघत: गोदामात माल किती आहे आणि त्यावर किती टक्के रक्कम देता येईल. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने प्रश्नच बदलला. या धंद्याला इतका माल आणि इतकी उधारी खरोखर किती महिने लागते, हे समिती विचारू लागली. १९८० मध्ये रिचर्ड्स आणि लाफलिन या अमेरिकी अभ्यासकांनी तोच विचार एका सूत्रात मांडला: माल पडून राहण्याचे दिवस, अधिक उधारी वसुलीचे दिवस, वजा आपण देणी थकवतो ते दिवस. चालू मालमत्ता चालू देण्यांपेक्षा जास्त आहे एवढ्यावरून रोख वेळेवर हाती येईल का हे कळत नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

छोट्या उद्योगांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेच्याच नायक समितीने १९९२ मध्ये सोपा आडाखा दिला. अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरायचं. त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के उद्योजकाने घालायचे. २५ टक्के म्हणजे वर्षाचा पाव भाग, म्हणजेच चक्र तीन महिन्यांचं आहे असं गृहीत धरलं आहे. काजूची अडचण इथूनच सुरू होते.

हिशेबाला सोपे आकडे धरू. विक्री वर्षाला १०९.५ लाख, म्हणजे रोजची ३० हजार. विकलेल्या मालाचा खर्च ९१.२५ लाख, म्हणजे रोजचा २५ हजार. बारा महिनाअखेरींची सरासरी काढली तर साठा ३७.५ लाख, येणं ९ लाख आणि देणं २.५ लाख. साठ्याला आणि देण्याला रोजच्या खर्चाने भागायचं, येण्याला रोजच्या विक्रीने. साठ्याचे १५० दिवस आले, उधारीचे ३०, देण्याचे १०. चक्र झालं १७० दिवसांचं. अडकलेली रक्कम ४४ लाख, तर आडाख्याने धरले जातात साधारण २७.४ लाख. उरलेले साडेसोळा लाख कुठून आणायचे? ते नसले तर मे महिन्यात बी कमी भरली जाते आणि दिवाळीनंतर कारखाना रिकामा बसतो.

आता हाच हिशेब ३१ मार्चच्या ताळेबंदावरून करा. खरेदी नुकती सुरू झालेली असते, जुना गर संपलेला असतो. साठा १२ लाख, येणं ३ लाख, देणं मात्र सरासरीइतकंच, २.५ लाख. चक्र दिसतं फक्त ४८ दिवसांचं! मेअखेर याच गोदामात ७० लाखांचा माल असतो, पण तो ताळेबंदात कुठेच उमटत नाही. माझ्या मते हंगामी धंद्यात सर्वांत मोठी फसगत इथेच होते. फक्त दोन मार्चअखेरींची सरासरी घेणारा कागदोपत्री बरोबर असतो आणि गरजेच्या बाबतीत साफ चुकतो.

चक्र लांबलं की कुठले दिवस वाढले ते आधी बघावं. साठ्याचे १५० दिवस हंगामामुळे आहेत. ते कमी करायला गेलं तर पावसाळ्यात बी मिळेल त्या भावाने घ्यावी लागते. उधारी मात्र ३० दिवसांवरून ६० वर गेली, तर विक्री आणि नफा तेवढाच राहून आणखी ९ लाख अडकतात. ११ टक्के दराने त्याचं वर्षाचं व्याज सुमारे एक लाख होतं. हा ताण आधी दिसतो तो सी.सी. म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यात: माल जातो, बिलं फाटतात, पण खातं मर्यादेवरून खाली येत नाही.

नायक समितीचे २० टक्के ही किमान मर्यादा आहे. चक्र तीन महिन्यांहून लांब असेल तर बँक जास्त देऊ शकते, मात्र उद्योजकाचा वाटाही त्याच प्रमाणात वाढतो. इथे ४४ लाखांतले सुमारे ८.८ लाख त्याचे आणि ३५.२ लाख बँकेचे. तरीही ही झाली सरासरी. मेची गरज याहून बरीच मोठी असते. त्यासाठी हंगामाची आणि बिगरहंगामाची मर्यादा वेगळी ठरवावी, ही रिझर्व्ह बँकेच्या चोरे समितीची १९७९ ची शिफारस आहे. अर्जासोबत बारा महिन्यांच्या साठ्याचा, येण्याचा आणि देण्याचा तक्ता जोडला, तर ती मागणी आकड्यांनिशी करता येते.