फर्निचरचं काम काढण्याआधी: स्प्रिंक्लरबद्दलचे गैरसमज आणि ‘आपोआप’ आलेलं पाणी

(सोसायटी कमिटी, ऑफिस मालक आणि इंटिरिअर कॉन्ट्रॅक्टर यांच्यासाठी)

आम्हाला येणाऱ्या तातडीच्या फोनमधलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: “स्प्रिंक्लर आपोआप सुरू झाला.” दुसरा प्रश्नही ठरलेला: “आता सगळेच सुरू होणार का?” या दोन्हींची उत्तरं इथे एकदाच सविस्तर देतो. ती माहीत असली की पाणी थांबायला वीस मिनिटांऐवजी तीन मिनिटं लागतात, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीच्या बिलातही बराच फरक पडतो.

सगळे एकदम का सुरू होत नाहीत

सिनेमात कोणीतरी सिगारेट पेटवतं आणि अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो. तुमच्या छताला लावलेले हेड तसे चालत नाहीत. प्रत्येक हेडच्या तोंडाशी काचेचा एक छोटा बल्ब असतो आणि तोच पाण्याचं झाकण दाबून धरतो. बल्बमध्ये द्रव आणि हवेचा एक बारीक बुडबुडा असतो. उष्णतेने द्रव फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, आणि मग आतल्या दाबाने काच फुटते. लाल बल्ब 68 अंश सेल्सिअसला फुटतो, पिवळा 79 ला, हिरवा 93 ला. हे तापमान त्या बल्बच्या द्रवाचं असायला हवं. शेजारचा बल्ब तितका तापला नसेल तर तो जागचा हलत नाही. एका हेडकडून दुसऱ्याला निरोप जाण्याची सोयच नाही.

स्मोक डिटेक्टरचाही या हेडशी संबंध नाही. धूर झाला तर भोंगा वाजेल, पाणी येणार नाही. भिंतीवरचा लाल डबा कोणी दाबला तरी येणार नाही. ट्रान्सफॉर्मरसारख्या ठिकाणी उघड्या तोंडाचे नोझल असलेली डेल्यूज प्रणाली बसवतात. तिथे मात्र एका झोनचे सगळे नोझल एकदम सुरू होतात. ऑफिस किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहसा ती नसते.

तरी शंका उरली असेल तर साधा हिशेब पाहा. नेहमीच्या के-80 हेडमधून अर्धा बार दाबालासुद्धा मिनिटाला सुमारे 57 लिटर पाणी येतं. मजल्यावर 200 हेड असतील आणि सगळे उघडले, तर मिनिटाला 11,400 लिटर लागतील. अनेक इमारतींतला मुख्य पंप मिनिटाला 2,280 लिटरचा असतो. म्हणजे सगळे हेड एकदम चालावेत अशी ही यंत्रणा आखलेलीच नसते. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या आकडेवारीतही, जिथे स्प्रिंक्लर चालले त्या आगींपैकी चारांतल्या तीनांहून अधिक वेळा एकच हेड उघडलेलं दिसतं.

मग आग नसताना पाणी येतं ते कशाने?

हेड कारखान्यातूनच सदोष निघालं आणि म्हणून फुटलं, असं फार क्वचित होतं. जवळपास नेहमीच काहीतरी लागलेलं असतं, तापलेलं असतं किंवा गंजलेलं असतं.

तापण्याचे प्रकार आपल्याकडे ठरावीक आहेत. पत्र्याच्या शेडमधलं गोडाऊन, हॉटेलचा भटारखाना, काचेच्या छताखालची लॉबी. हेडचं तापमान त्या जागेच्या कमाल तापमानापेक्षा किमान 30 अंशांनी जास्त हवं. लाल बल्बच्या 68 मधून 30 वजा केले की 38 उरतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याखाली 38 अंश म्हणजे सकाळीच. तिथे हिरवा बल्ब लागतो. जुन्या ऑफिसच्या जागेत नवीन किचन केलं आणि हेड लालच ठेवले, तर भट्टीच्या वरचं हेड कधीतरी फुटणारच, आणि त्यात हेडचा काही दोष नाही.

पण सर्वांत मोठं कारण मार. फॉल्स सीलिंगचं काम करणारा प्लायचा तुकडा उचलतो, शिडी फिरवतो, पीओपीवाला हेडच्या फ्रेमला दोरी बांधतो. कधी बल्ब तिथल्या तिथे फुटतो. कधी मात्र त्याला केसासारखी चीर पडते, द्रव हळूहळू झिरपून जातो, आणि हेड दोन आठवड्यांनी रात्री उघडतं. तेव्हा ऑफिसात कोणी नसतं, म्हणून तक्रार येते की आपोआप झालं. ओळखणं सोपं आहे. बल्बमध्ये बुडबुडा दिसत नसेल किंवा रंग जाऊन काच पांढरी दिसत असेल, तर ते हेड बदलायचं. उन्हानेही रंग फिका पडतो, म्हणून केवळ रंगावर जाऊ नका, बुडबुडा पाहा. पाणी आल्यावर हेडची फ्रेम किंवा खालची दातेरी चकती वाकलेली दिसली, तर बाकी चौकशी करण्यात अर्थ नाही.

कन्सील्ड हेड असेल, म्हणजे छताच्या रंगाची गोल झाकणी असेल, तर एक वेगळी गंमत होते. झाकणी पडली की लोक घाबरून फोन करतात. ती सोल्डरच्या हलक्या डागाने चिकटवलेली असते आणि हेडच्या आधी, साधारण 57 अंशांना, सुटते. नुसती पडली म्हणजे हेड उघडलं असं नाही. उलट रंगाऱ्याने तिच्या कडेवरून रंग ओढला असेल तर ती आगीतसुद्धा पडत नाही. बल्बवर रंग लागलेलं हेड साफ करून चालत नाही, ते बदलावं लागतं. थिनरने पुसू नका.

एक उदाहरण, आकड्यांसह

चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, दुपारी दोनची वेळ. सुताराच्या बोर्डाचा कोपरा एका हेडला लागला. त्या मजल्यावर दाब 4 बार आहे. के-80 हेडमधून 4 बारला मिनिटाला 160 लिटर पाणी येतं, आणि पाइपात वर्षभर साचलेलं असल्यामुळे ते आधी काळं आणि वासाचं येतं. कारपेटवरचा डाग त्याचाच.

इथे गंमत अशी की पाइपातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप बऱ्याचदा मिनिटाला 180 लिटरचा असतो. एकाच हेडचं पाणी तो एकटाच पुरवत राहतो, दाब फारसा पडत नाही आणि मुख्य पंप सुरूही होत नाही. म्हणून तळघरातला माणूस म्हणतो, “पंप तर बंद आहे.” वर मात्र पाणी चालूच असतं.

आता नेहमी होणारी चूक. कोणीतरी वॉचमनला फोन करतो, वॉचमन पंप रूमकडे धावतो आणि पॅनेलचा स्विच ‘ऑफ’ला नेतो. पाणी थांबत नाही. गच्चीवरच्या टाकीची लाइन त्याच पाइपला जोडलेली असेल तर टाकीचं पाणी उताराने येत राहतं, आणि वरच्या पाइपांमध्ये साठलेलंही येतं. चार इंची पाइपात मीटरला सुमारे 8 लिटर पाणी असतं. मग व्हॉल्व्हची शोधाशोध, डक्टची चावी, चावी कोणाकडे. दाब तितकाच राहिला आणि अशी पंचवीस मिनिटं गेली तर 4,000 लिटर पाणी खालच्या दोन मजल्यांपर्यंत पोहोचतं. तीन मिनिटांत थांबलं तर 480 लिटर.

बरोबर क्रम असा. आधी आग नाही याची खात्री करा. धूर, वास, ताप यांपैकी काही जाणवलं तर व्हॉल्व्हला हात लावू नका, लोकांना बाहेर काढा आणि 101 लावा. फक्त मारामुळे फुटलंय हे डोळ्यांनी दिसत असेल, तर त्या मजल्याचा झोन व्हॉल्व्ह बंद करा. तो बहुतेक ठिकाणी जिन्याजवळच्या किंवा लिफ्टजवळच्या फायर डक्टमध्ये असतो. चाक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं, वरचा काटा ‘शट’वर येईपर्यंत. मग शेजारचा ड्रेन उघडा, म्हणजे मजल्यावरच्या पाइपातलं उरलेलं पाणी हेडऐवजी तिकडून जाईल. मुख्य पंप सुरू झालेला असेल तर तो त्यानंतर हाताने थांबवा, तो स्वतःहून थांबत नाही. हेडमध्ये बोळा कोंबू नका, पाना लावून ते उघडूही नका. दाबाखालचा पाइप उघडलात तर चकतीने पसरणारं पाणी थेट अंगावर येईल.

आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो

पाणी थांबवल्यानंतर. व्हॉल्व्ह बंद केला, काम पुढे सुरू झालं, आणि तो कोणी उघडलाच नाही. यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला म्हणजे फॉर्म बी, त्यासाठी आम्ही येतो तेव्हा अशा मजल्यावर टेस्ट व्हॉल्व्ह उघडला तर पाणी येत नाही. पॅनेलही ‘ऑफ’वरच असतं. जिथे स्प्रिंक्लर आगीत चालला नाही, अशा घटनांमध्ये पाणी आधीच बंद केलेलं असणं हे एनएफपीएच्या आकडेवारीत पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैमध्ये जो फॉर्म बी द्यायचा, त्यावर आमची सही असते. बंद मजल्यावर सही करणार नाही, कितीही घाई असली तरी. त्यावरून काहींशी वाद होतो, पण यात सवलत नाही.

म्हणूनच इंटिरिअरच्या कामाआधी आम्ही दोन दिवस आधी कळवायला सांगतो. “एक हेड खाली घ्यायचंय, त्याला कशाला एवढं?” हे नेहमीचं. त्या एका हेडसाठी झोन बंद करणं, ड्रेन करणं, हेड खाली घेणं, पाइप पुन्हा भरणं, शेवटच्या टोकाची हवा काढणं, दाब टिकतो का ते पाहणं आणि टेस्ट व्हॉल्व्हने फ्लो स्विच तपासणं, एवढं सगळं करावं लागतं. यात सहज अर्धा दिवस जातो. ड्रेन-रिफिलचं शुल्क त्याचंच आहे, हेडचं नाही. दहा हेड एकाच वेळी सांगितलेत तर ते एकदाच लागतं. तुमच्या प्लंबरने केलेल्या कामाचा खर्च खरंच कमी येतो, आणि त्यानंतर टेफ्लॉन टेपच्या गळतीसाठी आम्हाला बोलावलं जातं.

वार्षिक करारात आम्ही प्रत्येक मजल्याच्या झोन व्हॉल्व्हला मराठीत पाटी लावतो आणि वॉचमनला तो एकदा प्रत्यक्ष बंद-चालू करून दाखवतो. वॉचमन बदलला तर कळवा, पुन्हा दाखवू, वेगळे पैसे नाहीत. गोडाऊनमध्ये आणि पार्किंगच्या कमी उंचीच्या भागात हेडला जाळीचा पिंजरा बसवून घ्या. तो पाण्याच्या एका तासाच्या नुकसानीपेक्षा खूप स्वस्त पडतो.

फोन करताना एवढं सांगा: कितवा मजला, झोन व्हॉल्व्ह बंद झाला की नाही, बल्बचा रंग कोणता, हेड खाली लटकणारं आहे, वर तोंडाचं आहे की झाकणीचं. शक्य असल्यास शेजारच्या शाबूत हेडचा फोटो पाठवा, म्हणजे त्याच तापमानाचं आणि त्याच के-फॅक्टरचं हेड घेऊन माणूस निघेल. फुटलेलं हेड पुन्हा बसत नाही, पण ते फेकू नका. इन्शुरन्सवाला आधी तेच मागतो. पंप रूममध्ये किमान सहा सुटे हेड आणि त्यांचा खास पाना ठेवलेली लाल पेटी असायला हवी. ती रिकामी असेल तर पुढच्या भेटीत भरून घ्या.