रात्रीच्या व्हिडिओतले दाणे घालवताना चेहरा मेणचट का होतो, आणि आम्ही तो कसा वाचवतो

हळदीची रात्र, गच्चीवरचा वाढदिवस, गणपतीची आरती. असे फोनवर घेतलेले व्हिडिओ घेऊन लोक आमच्या नौपाड्यातल्या दुकानात येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "दाणे घालवा, एकदम क्लीन करून द्या." एकदम क्लीन करणं सोपं आहे. एक पट्टी उजवीकडे सरकवली की दाणे जातात. पण त्यांच्यासोबत भुवयांचे केस, दाढीचे खुंट, गालावरची रंध्रं आणि आजीच्या सुरकुत्याही जातात, आणि समोर उरतो तो मेणाचा पुतळा. म्हणून आमच्याकडून परत मिळालेल्या क्लिपमध्ये थोडे दाणे तुम्हाला दिसतील. ते राहून गेलेले नसतात, ठेवलेले असतात.

दाणे दोन जातींचे असतात

फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा. अंधारात त्याच्यावर प्रकाश थोडाच पडतो, आणि थोडा प्रकाश हा रिमझिम पावसासारखा असतो: शेजारशेजारच्या दोन फरश्यांवर सारखे थेंब पडत नाहीत. फोन तो क्षीण संदेश वाढवून दाखवतो, तसा हा असमानपणाही वाढतो. तेच आपले दाणे.

उजेड-अंधाराचे दाणे बारीक, वाळूसारखे असतात. रंगाचे दाणे मात्र मोठे असतात: हनुवटीखाली, केसांत, काळ्या शेरवानीवर हिरवट-जांभळे डाग वळवळताना दिसतात ते. चेहरा खराब दिसतो तो बहुतेक वेळा या रंगाच्या डागांमुळे, आणि लोक राग काढतात वाळूवर.

हा फरक आमच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. त्वचेचा पोत, म्हणजे रंध्रं, लव, सुरकुत्या, जवळजवळ सगळा उजेड-अंधाराच्या माहितीत असतो. रंगाची माहिती फोन मुळातच कमी साठवतो. १९२० बाय १०८० च्या नेहमीच्या व्हिडिओत रंग फक्त ९६० बाय ५४० इतकाच नोंदलेला असतो, कारण आपल्या डोळ्याला रंगातले बारकावे फारसे कळत नाहीत. त्यामुळे रंगाच्या दाण्यांवर बऱ्यापैकी जोरात हात चालवला तरी त्वचेचं नुकसान कमी होतं. उजेडाच्या दाण्यांवर तोच हात चालवला की सुक्याबरोबर ओलंही जळतं. एक रंध्र आणि एक दाणा दोन्ही एक-दोन पिक्सेलचे. एकाच फ्रेमकडे बघून कोणता कोण हे गाळणीला सांगता येत नाही.

घणसोलीची हळद

गेल्या हंगामात घणसोली गावातल्या एका घरून क्लिप आली होती. मांडवात आजी धवले गातायत, डोक्यावर एक पिवळा बल्ब, मागे एलईडीच्या माळा. १०८० ची, सेकंदाला ३० फ्रेमची, २ मिनिटं ४० सेकंदांची. नातवाने ती आधी फोनवरच्या एका अ‍ॅपमधून काढली होती. आमच्यासमोर दोन्ही लावून तो म्हणाला, "दादा, दाणे गेले हो, पण ही आमची आजी वाटतच नाही."

पहिली अडचण वेगळीच निघाली. त्याच्याकडची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली होती. व्हॉट्सअ‍ॅप फाइल लहान करताना दाण्यांचे चौकोनी ठोकळे करून टाकतं, आणि ठोकळे काढायचे म्हणजे चेहरा पुसणं आलंच. ज्या भाच्याने शूटिंग केलं होतं त्याच्या फोनमधून मूळ फाइल मागवली, तेव्हा निम्मं काम तिथंच झालं. कृपया आमच्याकडे येतानाही मूळ फाइलच आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

मग पहिला हात फिरवला तो काळाच्या दिशेने. आजीच्या गालावरची सुरकुती या फ्रेममध्ये आहे, पुढच्याही फ्रेममध्ये त्याच जागी आहे. दाणा मात्र दर फ्रेमला जागा बदलतो. लागोपाठच्या फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढली तर सुरकुती टिकते आणि दाणे एकमेकांना खोडतात. ४ फ्रेमच्या सरासरीने दाणे निम्मे होतात, ९ फ्रेमने तिसरा हिस्सा उरतो. हे झालं कागदावर. फोनने रेकॉर्ड करतानाच स्वतःची थोडी सफाई केलेली असते आणि फाइल लहान ठेवण्यासाठी मागच्या फ्रेममधला बराच भाग पुढे तसाच वापरलेला असतो. म्हणजे काही दाणे जागा न बदलता चिकटून राहतात, आणि प्रत्यक्षात फायदा हिशेबापेक्षा कमी मिळतो.

यासाठी आम्ही डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या स्टुडिओ आवृत्तीत `Temporal NR` वापरतो. आजीसाठी दोन्ही बाजूंच्या २-२, अशा ५ फ्रेम घेतल्या. उजेडाच्या सफाईची मर्यादा ८ वर, रंगाच्या सफाईची २० वर. दोन्ही पट्ट्यांची जोडणी आधी तोडावी लागते, नाहीतर एक हलवली की दुसरीही हलते. मेणचट चेहऱ्यांची सुरुवात बरेचदा याच न तोडलेल्या जोडणीत असते. आकडे मात्र कुणी उचलून वापरू नयेत, ते त्या क्लिपचे होते.

गाताना आजी हात हलवत होत्या, आणि बांगड्यांमागे पुसट शेपूट दिसायला लागलं. फ्रेमची सरासरी हलत्या वस्तूवर घसरते ती अशी. `Motion` ची पट्टी खाली आणली. त्याने हलणारे भाग सरासरीतून वगळले जातात: हातावर दाणे परत आले, शेपूट गेलं. हलत्या हातावरचे दाणे कुणी बघत नाही, शेपूट मात्र पहिल्यांदा नजरेत भरतं.

दुसरा हात फक्त रंगावर. हनुवटीखालचे डाग दहा-पंधरा पिक्सेलचे होते, म्हणून `Spatial NR` मध्ये, म्हणजे एकाच फ्रेममधल्या शेजारच्या पिक्सेलांवरून होणाऱ्या स्थानिक सफाईत, मोठी त्रिज्या घेतली आणि रंगाची मर्यादा हळूहळू वाढवत नेली. इथे कपाळावरच्या कुंकवाकडे लक्ष ठेवावं लागतं. रंगाची सफाई जास्त झाली की कुंकवाचा लाल कडेने कपाळावर पसरतो, ओठ फिके पडतात, आणि गालावरचा तांबूसपणा, डोळ्यांखालचा सावळेपणा सगळा एका छटेत मिसळतो. पोत शाबूत असूनही अशा चेहऱ्याला बाहुलीची कळा येते. मेणचटपणा केवळ पोत गेल्याने येतो असं नाही. २५ च्या पुढे कुंकू सुटायला लागलं, तिथून थोडं मागे आलो.

उजेडावर स्थानिक सफाई चेहऱ्यासाठी शून्य ठेवली. चेहऱ्याभोवती मऊ कडेचं कुंपण घालून फक्त मागच्या मांडवावर आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत ती थोडी दिली. मांडवाच्या कापडाला रंध्रं नसतात.

क्रमाबद्दल एक गोष्ट: हे सगळं व्हिडिओ उजळ करण्याआधी करायचं. आधी उजळ केला की दाणेही उजळतात, मग त्यांच्यामागे गाळणी जास्त जोरात लावावी लागते.

जास्त झालं हे कसं ओळखायचं

थांबवलेल्या चित्रावर निर्णय घेऊ नका. दाणे थांबलेल्या फ्रेममध्ये असतात त्याहून वाईट दिसतात, चालू व्हिडिओत डोळा त्यांची सरासरी स्वतःच काढतो. क्लिप पूर्ण आकारात चालवून बघा आणि भुवया, नाकाची कड, नथीचे मोती, पैठणीची जर एवढंच पाहा. मान हलते तेव्हा गालाचा पोत चेहऱ्याबरोबर हलतो का? तो मागे राहून घरंगळत आला तर काळाची सरासरी जास्त झाली.

आमची पक्की चाचणी मात्र वेगळी आहे. सफाईने काय काढून टाकलं तेवढंच पडद्यावर दाखवता येतं. कचऱ्याची टोपली तपासण्यासारखं हे. टोपलीत नुसती सारखी वाळू दिसली तर काम बरोबर. तिच्यात डोळे, ओठ, सुरकुत्यांच्या रेषा ओळखू यायला लागल्या तर आपण माणूसच काढून टाकतोय. आजीच्या टोपलीत पहिल्या खेपेला कपाळाच्या तीन आठ्या स्पष्ट दिसल्या होत्या. उजेडाची मर्यादा मुळात १४ होती. ती ८ वर आली ती त्यामुळे.

शेवटी सगळ्या चित्रावर अगदी बारीक, रंग नसलेले दाणे आम्ही परत पेरतो. हे ऐकून लोक हसतात. पण साफ केलेला मांडव आणि राखलेला चेहरा शेजारी शेजारी आले की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो, आणि सपाट अंधारात रंगाच्या पायऱ्या पडतात. पातळ, सारखे दाणे दोन्ही झाकतात.

तयार फाइल १०८० साठी साधारण सेकंदाला १५ ते २० मेगाबिटवर देतो. फाइल त्याहून फार लहान करून मागितली, तर लहान करणारा कोडेकच बारीक पोत पुसून चेहरा मेणचट करतो आणि दोष आमच्यावर येतो.

घरी करून बघायचं असेल तर

संगणकावर एफएफएमपेग हा व्हिडिओचा मोफत प्रोग्रॅम असेल तर साध्या, एचडीआर नसलेल्या क्लिपसाठी हे पुरतं:

```
ffmpeg -i haldi.mp4 -vf "hqdn3d=1:6:3:9" -c:v libx264 -crf 16 -c:a copy haldi2.mp4
```

चार आकडे अनुक्रमे असे: उजेडाची स्थानिक सफाई, रंगाची स्थानिक सफाई, उजेडाची काळातली, रंगाची काळातली. पहिला आकडा वाढवायचा मोह आवरा. मेण तिथूनच तयार होतं. ही गाळणी हालचालीचा माग काढत नाही, त्यामुळे नाचाच्या क्लिपवर शेपटं येतील. बसलेल्या माणसांवर चांगली चालते.

जे आम्हालाही जमत नाही

फोनच्या ब्युटी मोडने किंवा फोनच्या स्वतःच्या सफाईने चेहरा आधीच गुळगुळीत केलेला असेल, तर गेलेली रंध्रं परत येत नाहीत. वर दाणे पेरून मेणचटपणा थोडा लपवता येतो, इतकंच. हललेला किंवा फोकसबाहेरचा चेहरा हा दाण्यांचा प्रश्नच नाही. एलईडी माळांची लुकलुक आणि चित्रावरून सरकणारे पट्टेही सफाईने जात नाहीत, उलट सरासरी बिघडवतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोनमध्ये सोय असेल तर २५ फ्रेम आणि १/५० चा शटर ठेवा. माळांमधला स्वस्त कंट्रोलर वेगळ्याच तालात लुकलुकत असेल, तर हाही उपाय चालत नाही.

पुढच्या हळदीला एक करा. ब्युटी मोड बंद, मुख्य १x कॅमेरा, आणि ६ फुटांवरचा बल्ब चेहऱ्यासमोर ३ फुटांवर आणा. चौपट उजेड पडतो आणि दाणे निम्मे दिसतात, म्हणजे ४ फ्रेमच्या सरासरीएवढा फायदा, शेपटाशिवाय.

काम घेण्याआधी आम्ही तुमच्याच क्लिपमधले १० सेकंद करून दाखवतो: मूळ, साफ केलेलं आणि टोपली, तिन्ही शेजारी. घणसोलीच्या नातवाने टोपली बघून विचारलं होतं, "यात आजी नाही ना?" मग त्याने हो म्हटलं.