दिवसअखेरीचा गोषवारा आणि गल्ल्याचा ताळा

दुकान बंद करताना बिलिंग मशीनमधून दिवसभराच्या व्यवहाराची एक लांब चिठ्ठी निघते. तिच्यावरचे विक्री, परत आलेला माल, सूट आणि पैसे कोणत्या मार्गाने आले याचे आकडे वाचून गल्ल्यात किती रोकड असायला हवी हे काढायचे आणि हाताने मोजलेल्या रोकडीशी ते ताडून पाहायचे, याला गल्ल्याचा ताळा घेणे म्हणतात. या चिठ्ठीला बहुतेक ठिकाणी ‘झेड रिपोर्ट’ असे नाव आहे. तिच्यासारखीच दिसणारी ‘एक्स रिपोर्ट’ ही चिठ्ठी दिवसात कितीही वेळा काढता येते, कारण ती आकडे फक्त दाखवते. झेड मात्र दिवस बंद करते. दिवसाच्या बेरजा शून्यावर येतात आणि चिठ्ठीवर पुढचा अनुक्रमांक पडतो. म्हणून आधी एक्स काढून तफावत शोधावी आणि ताळा लागल्यावर किंवा तफावतीचे कारण कळल्यावरच झेड काढावी. दिवस एकदा बंद झाला की बऱ्याच मशीनमध्ये त्या दिवसाच्या बिलात दुरुस्ती करता येत नाही. ती दुसऱ्या दिवशी वेगळी नोंद करून भरावी लागते.

चिठ्ठीच्या वरच्या भागात ‘एकूण विक्री’ हा आकडा ठळक छापलेला असतो. नवीन माणूस हाच आकडा गल्ल्याशी लावायला जातो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. एकूण विक्री म्हणजे बिलात लागलेल्या मालाची मूळ किमतीने झालेली बेरीज. त्यातली काही रक्कम सुटीत गेलेली असते, काही माल परत आल्यामुळे ग्राहकाला माघारी दिलेली असते, काही कार्डाने थेट बँकेकडे गेलेली असते आणि काही अजून आलेलीच नसते. रोकड हा त्यातला एक तुकडा आहे.

चिठ्ठीचे दोन भाग

वाचायला सुरुवात करताना चिठ्ठी मनाने दोन भागांत कापावी. वरचा भाग काय विकले ते सांगतो : एकूण विक्री, सूट, परत आलेला माल आणि शेवटी निव्वळ विक्री. खालचा भाग पैसे कसे आले ते सांगतो : रोख, कार्ड, मोबाइल पेमेंट, उधारी. किमतीत कर धरलेला नसेल तर वरच्या भागात कराची वेगळी ओळ येते, आणि बिले पूर्णांकात आणली जात असतील तर त्या किरकोळ फरकाचीही. गल्ला उघडण्याआधी हे दोन भाग एकमेकांशी जुळतात का ते कागदावरच पाहायचे.

पुढे एका दिवसाचे आकडे घेतले आहेत. किमतीत कर धरलेलाच आहे. एकूण विक्री ४८,६५०, सूट १,८५० आणि परत आलेला माल १,३०० असा वरचा भाग आहे, म्हणून निव्वळ विक्री ४५,५००. खालच्या भागात रोख २२,५४०, कार्ड १३,४६०, मोबाइल पेमेंट ९,३०० आणि उधारी १,५०० आहे. या चार ओळींची बेरीज ४६,८०० येते. निव्वळ विक्रीपेक्षा ती १,३०० ने जास्त आहे, म्हणजे बरोबर परत आलेल्या मालाएवढी.

इथे मशीन चुकलेले नाही. काही मशीन माघारी दिलेले पैसे त्या त्या ओळीतून वजा करून छापतात, तर काही आलेले पैसे पूर्ण दाखवून माघारी दिलेल्यांची वेगळी ओळ देतात. आपले मशीन कोणत्या जातीचे आहे हे या एका बेरजेवरून कळते. बेरीज निव्वळ विक्रीएवढी आली तर वजाबाकी झालेली आहे. ती परताव्याएवढी जास्त आली तर वजाबाकी आपल्यालाच करायची आहे. हे न पाहता पुढे गेले तर परतावा एक तर दोनदा वजा होतो किंवा अजिबात होत नाही, आणि गल्ल्यात नसलेली तफावत तासभर शोधावी लागते.

उदाहरणातले मशीन दुसऱ्या जातीचे आहे. परताव्याच्या तपशिलात १,३०० पैकी ८०० रोख आणि ५०० कार्डावर दिल्याचे दिसते. म्हणून खरी रोख २१,७४० आणि खरे कार्ड १२,९६०. माल ज्या प्रकारे पैसे घेऊन विकला त्याच प्रकारे पैसे परत द्यावेत असा नियम बहुतेक दुकाने पाळतात, त्यामागचे एक कारण हेच आहे. कार्डाने घेतलेल्या मालाचे पैसे गल्ल्यातून दिले की दोन्ही ओळी हलतात.

सुटीचे तसे नाही. सूट बिलातच कापली जाते. ग्राहक कमी झालेलीच रक्कम देतो, त्यामुळे रोखीच्या ओळीत सुटीचा परिणाम आधीच आलेला असतो. अपेक्षित रोकड काढताना सूट पुन्हा वजा करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. गल्ल्यात नेमकी सुटीएवढी रक्कम जास्त दिसली, तर आधी आपला हिशेबाचा कागद तपासावा.

गल्ल्यात किती असायला हवे

रोख विक्रीशिवाय गल्ल्यात आणखी हालचाल होते, आणि तिची नोंद मशीनवर केली असेल तरच ती चिठ्ठीवर येते. सकाळी सुट्ट्यासाठी ठेवलेली रक्कम असते. जुन्या उधारीची वसुली येते. ती आजची रोकड असली तरी आजची विक्री नव्हे. गल्ल्यातून किरकोळ खर्च दिला जातो. गल्ला भरला की मधल्या वेळी रक्कम काढून तिजोरीत ठेवली जाते.

उदाहरणातल्या दिवशी सकाळची रक्कम २,००० होती, वसुली ६०० आली, खर्च ३५० झाला आणि १५,००० तिजोरीत गेले :

२,००० + २१,७४० + ६०० − ३५० − १५,००० = ८,९९०

मोजणी या आकड्याकडे न पाहता व्हायला हवी, आणि याबाबत सवलत देऊ नये. अपेक्षित आकडा आधी माहीत असला की मोजणाऱ्याचा हात त्या आकड्यावर येऊन थांबतो आणि नोटांचे एक बंडल पुन्हा मोजायचे राहून जाते. मोजणाऱ्याने प्रत्येक किमतीच्या नोटा आणि नाणी वेगळी मोजून कागदावर लिहावीत, सही करावी आणि मगच एक्स चिठ्ठी समोर घ्यावी. चिठ्ठी दुसऱ्या माणसाने काढली तर अधिक बरे.

तफावत वाचणे

उदाहरणात मोजलेली रोकड ९,६०० भरली, म्हणजे ६१० जास्त. पुष्कळजण जास्त निघाले की समाधान मानतात, पण जास्त निघणे हीसुद्धा चूकच असते. कुठल्या तरी ग्राहकाला कमी सुट्टे गेले असतील, एखादी विक्री मशीनवर चढलीच नसेल, किंवा पैसे चुकीच्या ओळीत गेले असतील.

६१० चे एकही बिल यादीत नाही. केवळ रोकडीकडे पाहत राहिले तर शोध इथेच संपतो. म्हणून दुसरी ओळ तपासायची. कार्ड घेणारे यंत्र दिवसअखेरीला स्वतःचा गोषवारा देते. त्यावर कार्डाची निव्वळ जमा १२,३४० आहे आणि बिलिंग मशीन १२,९६० सांगते, म्हणजे ६२० चा फरक. बिलांच्या यादीत कार्डाने भरलेले ६२० चे एक बिल आहे आणि कार्डयंत्राच्या यादीत ते नाही, किंवा ‘अयशस्वी’ म्हणून आहे. गोष्ट उलगडते : बिल करणाऱ्याने आधी कार्डाचे बटण दाबले, कार्ड चालले नाही, ग्राहकाने रोख दिली आणि मशीनवर प्रकार बदलायचा राहिला. ते बिल रोखीत वळवले की अपेक्षित रोकड ९,६१० होते आणि खरी तफावत १० ची तूट उरते. सुट्टे देताना एखादे नाणे जास्त गेले असावे. ती तूट तशीच लिहून ठेवायची.

या उदाहरणातून कामाचा क्रम कळतो. रोखीत जेवढे जास्त, जवळपास तेवढेच दुसऱ्या ओळीत कमी असेल तर पैसे कुठेही गेलेले नसतात, फक्त बटण चुकलेले असते. आणि दोन चुका एकमेकींत मिसळल्या असतील तर रोखीचा फरक कुठल्याच बिलाशी जुळत नाही. तेव्हा कार्ड आणि मोबाइल पेमेंटच्या बाजूने शिरावे, कारण तिथे प्रत्येक व्यवहाराची दुसऱ्याने ठेवलेली नोंद मिळते.

फरकाचा आकडा स्वतःही बरेच सांगतो. तो सकाळच्या सुट्ट्याएवढा असेल तर ती रक्कम धरायची किंवा मशीनवर चढवायची राहिली. तो रोख परताव्याच्या दुप्पट असेल तर परतावा वजा होण्याऐवजी मिळवला गेला. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली का ते पाहावे. ५४० च्या जागी ४५० लिहिले तर फरक ९० पडतो. ही फक्त दिशा आहे, कारण ९ ने भाग जाणारे फरक इतर कारणांनीही येतात. दुकान मध्यरात्रीनंतरही चालू असेल तर बिलिंग मशीन आणि कार्डयंत्र यांचा दिवस वेगवेगळ्या वेळी संपतो, आणि मधल्या वेळेतली बिले एका चिठ्ठीवर दिसतात पण दुसरीवर नाहीत.

ताळा जुळूनही जे दिसत नाही

तफावत शून्य आली म्हणजे दिवस निर्दोष होता असे ठरत नाही. ग्राहकाने पूर्ण पैसे दिले, तो गेला आणि नंतर कोणी ते बिल परतावा म्हणून उलटवून तेवढी रोकड काढून घेतली, तर अपेक्षित रोकड आणि मोजलेली रोकड दोन्ही सारख्याच घटतात. ताळा चोख लागतो. ग्राहकाकडून पूर्ण किंमत घेऊन मशीनवर मागाहून सूट टाकली तरी तेच होते. विक्री बिलावर चढवलीच नाही आणि पैसे गल्ल्यात आलेच नाहीत, तर चिठ्ठीला त्याचा पत्ताच नसतो.

म्हणून परतावा आणि सूट या ओळी रोकड जुळल्यानंतरही वेगळ्या वाचायच्या असतात. बेरीज पाहून भागत नाही. परताव्याच्या प्रत्येक नोंदीला मूळ बिलाचा क्रमांक आहे का, माल खरोखर फळीवर परत आला का, नोंद बिलानंतर किती वेळाने झाली आणि त्या वेळी मशीनवर कोण होते, हे पाहावे लागते. ग्राहकाला माल परत आणायला काही वेळ लागतो. बिलानंतर दोन मिनिटांत झालेला रोख परतावा थांबून विचारण्यासारखा आहे, जरी त्याला साधे कारण असू शकले तरी. चिठ्ठीच्या तळाशी रद्द केलेल्या बिलांची आणि विक्रीशिवाय गल्ला किती वेळा उघडला याची संख्या असते. रोजच्या मानाने ती एकदम वाढली तर त्या दिवसाच्या यादीत उतरावे.

झेडचा अनुक्रमांकही याच कामाचा आहे. कालची चिठ्ठी ४१२ ची आणि आजची ४१४ ची असेल, तर मधली ४१३ कोणी तरी काढली आहे आणि तेवढ्या वेळची विक्री आजच्या बेरजेत नाही. अनेक मशीन शून्यावर न येणारी एक चढती बेरीजही छापतात. आजच्या चढत्या बेरजेतून कालची वजा केल्यावर आजच्या चिठ्ठीवरची विक्री यायला हवी. वजाबाकी करण्यापूर्वी तुमच्या मशीनची चढती बेरीज परतावा धरून आहे की न धरता, हे एका साध्या दिवशी तपासून चिठ्ठ्यांच्या फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.