लोणारचं गुलाबी पाणी आणि मथळ्यातलं प्रश्नचिन्ह

२०२० च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी दिसू लागलं. त्या दिवसांत कुणी ‘लोणारचं पाणी गुलाबी कशामुळे झालं?’ असा मथळा दिला असेल, तर त्यात काही वावगं नव्हतं. कारण खरोखरच कुणाला ठाऊक नव्हतं आणि पाण्याचे नमुने तपासायला गेले होते. जुलैमध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष आला. पाऊस कमी आणि उष्णता जास्त, त्यामुळे पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला आणि अशा पाण्यात फोफावणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव वाढले. गुलाबी रंगद्रव्य त्यांचं होतं. यानंतर तोच प्रश्न तसाच मथळ्यात ठेवला, तर शब्द तेच राहतात पण व्यवहार बदलतो. उत्तर हाताशी असून ते मुठीत धरलेलं असतं.

प्रश्नार्थक मथळा प्रामाणिक आहे की नाही हे प्रश्नचिन्हावरून ठरत नाही. तो प्रश्न त्या दिवशी कुणाला पडलेला आहे, यावरून ठरतं.

कुतूहलाबद्दल जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ मध्ये एक मांडणी केली. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत करून घ्यायचं आहे, यातली फट लक्षात आली की माणूस अस्वस्थ होतो, ती फट म्हणजे कुतूहल. यातला ‘लक्षात आली की’ हा भाग मथळा लिहिणारे हमखास विसरतात. वाचकाला फट दिसायची तर तिच्या अलीकडचा काठ आधी दिसायला हवा. ‘लोणारचं पाणी गुलाबी’ एवढं सांगितलं की सरोवर कळलं, रंग कळला, नाही कळलं ते कारण. उलट ‘महाराष्ट्रातल्या ‘या’ सरोवरात घडलं असं काही की…’ यात अलीकडचा काठच काढून टाकला आहे. अवतरणचिन्हांतला ‘या’, ‘तो’ किंवा ‘त्या’ (उदाहरणार्थ, ‘त्या’ वक्तव्यावरून वाद) हा मराठी क्लिकबेटचा सगळ्यात स्वस्त माल. नाव लपवायचं आणि ते सांगण्यासाठी क्लिक मागायचं. वाचक क्लिक करतो, नाव कळतं आणि पुढच्या ओळीला तो निघून जातो, कारण मथळ्याने वचन फक्त नावाचंच दिलं होतं.

आता प्रश्नाची रचना. मराठीत ‘का’ क्रियापदाआधी आला की तो सहसा कारण विचारतो आणि क्रियापदानंतर आला की हो-नाही विचारतो. ‘लोणारचं पाणी गुलाबी का झालं?’ आणि ‘लोणारचं पाणी गुलाबी झालं का?’ यांत फरक फक्त जागेचा दिसतो. पण पहिला प्रश्न पाणी गुलाबी झालं हे गृहीत धरतो. म्हणून ‘प्लॅस्टिकच्या डब्यातल्या जेवणाने कर्करोग का होतो?’ हा प्रश्न नाहीच. ते ठाम विधान आहे, शेवटी प्रश्नचिन्ह लावलेलं. कारण विचारणारा मथळा लिहिताना त्यातला ‘का’ काढून वाक्य वाचून बघावं. जे उरेल ते सिद्ध झालेलं असेल तरच ‘का’ परत ठेवावा.

मग हो-नाहीवाला ‘का’ निर्धोक का? तोही नाही. १९८१ मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी निवडणुकीतल्या उमेदवारांबद्दलचे मथळे लोकांना वाचायला दिले होते. काहींत गैरप्रकाराचा थेट आरोप होता, काहींत तोच आरोप प्रश्नाच्या रूपात. प्रश्न वाचलेल्यांच्या मनात उमेदवाराची प्रतिमा थेट आरोप वाचलेल्यांइतकीच, किंवा जवळपास तितकी, डागाळली. ‘आम्ही फक्त विचारलं’ ही डेस्कवरची आवडती पळवाट वाचकाच्या डोक्यात चालत नाही. आरोग्याच्या बातम्यांत याचा फटका जास्त बसतो. ‘या भाजीने मधुमेह बरा होतो का?’ असं विचारून आत ‘तसा पुरावा नाही’ असं लिहिलं, तरी जो फक्त मथळा वाचून पुढे सरकला त्याच्याकडे भाजी आणि ‘बरा होतो’ एवढंच उरतं. उत्तर ‘नाही’ असेल तर ते मथळ्यातच द्यावं.

मराठीत नकार देण्यातही एक मेख आहे. आपला ‘नाही’ वाक्याच्या टोकाला येतो आणि मोबाइलवर मथळा कापला जातो तोही टोकालाच. ‘लस घेतल्याने स्त्रियांना किंवा पुरुषांना वंध्यत्व येत नाही’ हा अचूक मथळा शोधाच्या यादीत ‘लस घेतल्याने स्त्रियांना किंवा पुरुषांना वंध्यत्व…’ असा दिसू शकतो. म्हणजे जी अफवा खोडायची तीच पोचली. अशा वेळी नकार पुढे ओढावा: ‘लसीने वंध्यत्व येत नाही, स्त्रियांना नाही आणि पुरुषांनाही नाही’. हा कुठेही कापला तरी नकार पहिल्या चार शब्दांत येऊन गेलेला असतो. नेमका किती अक्षरांवर मथळा कापला जाईल हे पडदा, फॉन्ट आणि ॲप यांवर अवलंबून आहे, आणि देवनागरीत मात्रा-जोडाक्षरांमुळे अक्षरं मोजून फारसं काही कळत नाही. छापण्याआधी मथळा स्वतःच्या फोनवर दोन-तीन ठिकाणी पाठवून बघणं हाच खात्रीचा उपाय.

भावनिक शब्दांबद्दल एक मोठा पुरावा उपलब्ध आहे. अपवर्दी या अमेरिकी संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ दरम्यान एकाच मजकुराला वेगवेगळे मथळे देऊन ते वेगवेगळ्या वाचकांना दाखवले आणि क्लिक मोजले. पुढे हा साठा अभ्यासकांना खुला झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे १,०५,००० मथळे होते आणि ३७ कोटींहून अधिक वेळा दाखवल्यावर त्यांना सुमारे ५७ लाख क्लिक मिळाले होते. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढत होतं. सकारात्मक शब्दाने ते कमी होत होतं.

हे वाचून ‘भीषण’, ‘संतापजनक’ अशी यादी काढून बसण्याआधी २.३ टक्के म्हणजे किती ते बघू. मथळा एक लाख वेळा दिसला आणि १,५०० क्लिक आले, तर एका नकारात्मक शब्दाने ते १,५३५ च्या आसपास जातील. पस्तीस क्लिक. शिवाय सगळ्या नकारात्मक भावना सारख्या ठरल्या नाहीत. दुःखाच्या शब्दांनी क्लिक वाढले, भीतीच्या शब्दांनी उलट घटले आणि रागाच्या शब्दांचा ठोस परिणाम दिसला नाही. हे सगळं इंग्रजी मथळ्यांचं आहे, एका संकेतस्थळाचं आणि दशकभरापूर्वीचं, त्यामुळे मराठीला तसंच्या तसं लागू करू नये. पण ‘सावधान!’ लिहिलं की लोक तुटून पडतात, हा समज तरी त्यातून पक्का होत नाही.

माझ्या मते भावनेचं खरं काम मराठीत विशेषणं करतच नाहीत. ‘धक्कादायक’ हा शब्द वाचकाला काय वाटायला हवं ते सांगतो, धक्का देत नाही. धक्का ‘गुलाबी’ देतो. मराठीत भावना जास्त वाहतात ते छोटे शब्द: ‘अखेर’, ‘चक्क’, ‘थेट’, ‘पुन्हा’ आणि चिकटून येणारा ‘च’. यातला प्रत्येक शब्द एक गोष्ट गुपचूप सांगून जातो. ‘अखेर’ म्हणजे लोक वाट बघत होते. ‘पुन्हा’ म्हणजे हे आधी घडलं आहे. ‘थेट’ म्हणजे मधली पायरी गाळली. ‘च’ म्हणजे दुसरं काही नाही. ‘सूक्ष्मजीवांमुळेच’ लिहिलं की खारटपणा, उष्णता, घटलेली पातळी सगळं बाद झालं, आणि ते चूक आहे. विशेषणांवर संपादकाची नजर तरी असते. हे चिल्लर शब्द मात्र न तपासता सुटतात, म्हणून प्रत्येकासमोर ‘हे खरं आहे का?’ असं विचारावं.

जुलैच्या लोणारच्या बातमीला मथळा देऊन बघू. ‘लोणारच्या गुलाबी पाण्याचं रहस्य, कारण वाचून थक्क व्हाल’ हा सरळ बाद, कारण रहस्य उलगडलं होतं. ‘लोणारच्या गुलाबी रंगामागे हॅलोआर्किया’ खरा आहे, पण अनोळखी शब्दावर वाचक अडखळतो. तिथे ‘जिवाणू’ लिहायचा मोह होतो, तो आवरावा, कारण आर्किया हा जिवाणूंपासून वेगळा गट आहे. ‘सूक्ष्मजीव’ सोपाही आहे आणि बरोबरही. मग ‘लोणार गुलाबी झालं खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे’. बातमी दोन परिच्छेदांची असेल तर हाच ठेवावा, लपवाछपवी नाही. सविस्तर लेख असेल तर ‘खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी लोणार गुलाबी कसं केलं?’ चालेल. उत्तराचा अर्धा भाग मथळ्यात दिला आणि ‘कसं’ने प्रक्रियेचं दार उघडलं. लेखात ती प्रक्रिया नसेल तर मात्र हा मथळा खोटा.

माझी पसंती आणखी एकाला आहे. नमुन्याचं पाणी स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं, असं संशोधकांना आढळलं होतं. त्यावरून ‘लोणारचं गुलाबी पाणी प्रयोगशाळेत नितळ का झालं?’. ‘का’ काढून वाचा: पाणी नितळ झालं, हे सिद्ध आहे. नाव, रंग, जागा सगळं दिलं आहे. एकही भावनिक विशेषण नाही. आणि उत्तर एका वाक्यात देता येतं. ते लेखाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत यायला हवं. अशा नेमक्या, चकित करणाऱ्या तपशिलासाठी मथळा लिहिणाऱ्याने मजकूर शेवटपर्यंत वाचायला लागतो. बहुतेक फसवे मथळे तिथेच जन्मतात, कारण मथळा पहिल्या परिच्छेदावरून बेतलेला असतो.

दोन मथळे तयार असले की ते वाचकांवर आजमावून बघावेसे वाटतात. इथे आकड्यांची फसगत होते. प्रत्येक मथळा दोन हजार जणांना दाखवला आणि एकाला ३०, दुसऱ्याला ३६ क्लिक मिळाले, तर दुसरा चांगला असं म्हणता येत नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो, तोच मथळा दोनदा दाखवला तरी पडेल. शेकडा दीड क्लिकच्या पातळीवर दहा टक्क्यांचा फरक खात्रीने ओळखायचा तर प्रत्येक मथळा सुमारे एक लाख वेळा दाखवावा लागतो. छोट्या मराठी संकेतस्थळांना ते परवडणारं नाही. त्यांनी दुसरी चाचणी करावी: मजकूर न वाचलेल्या तिघा-चौघांना फक्त मथळा दाखवावा आणि आत काय असेल ते एका वाक्यात लिहायला सांगावं. ती वाक्यं लेखाशी जुळली नाहीत तर मथळा फसवा आहे. जुळली पण कुणालाच लेख उघडावासा वाटला नाही, तर फट बुजली आहे. आणि चौघांनी चार वेगळ्याच गोष्टी लिहिल्या, तर कुठेतरी अवतरणातला ‘या’ लपलेला असणार, तो आधी शोधावा.