भिंतीला टांगलेले बेसिन : गिट्टी, ब्रॅकेट आणि भारमर्यादा

पायाच्या खांबावर न टेकवता केवळ भिंतीच्या आधारावर बसविलेल्या हात धुण्याच्या बेसिनचा सर्व भार दोन बोल्ट, त्यांच्या गिट्ट्या आणि असल्यास ब्रॅकेट यांच्यामार्फत भिंतीत उतरतो. हे बेसिन भिंतीपासून सुटते तेव्हा बहुधा बोल्ट तुटलेला नसतो, तर गिट्टी ज्या थरात बसविली होती तो थर निसटलेला असतो. म्हणून या कामात बोल्टच्या जाडीइतकाच, किंबहुना अधिक, विचार टाइलच्या मागे काय आहे याचा करावा लागतो.

गिट्टी म्हणजे भोकात बसणारी आणि आत बोल्ट फिरला की फुगून भोकाच्या कडांवर दाब देणारी नळी. पूर्वी भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकल्या जात, पण न्हाणीघरातील ओलीने त्या फुगत, सुकल्यावर आक्रसत आणि सैल होत. तंतूंपासून बनविलेल्या गिट्टीचे पेटंट जॉन रॉलिंग्ज यांनी १९११ मध्ये घेतले आणि आज सर्वत्र दिसणारी नायलॉनची गिट्टी आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये आणली. बेसिनसाठी सर्वसाधारणपणे १० मि.मी. जाडीचा बोल्ट आणि त्याला १४ मि.मी. व्यासाची, सुमारे ७० मि.मी. लांबीची नायलॉन गिट्टी वापरली जाते.

भार समजून घ्यायचा तर बेसिन ही एक तरफ आहे असे मानावे. साधारण ५५० बाय ४५० मि.मी. आकाराचे बेसिन पाणी आणि नळासह २० कि.ग्रॅ. भरते, असे धरू. नुसते एवढे वजन पेलणे कोणत्याही धड भिंतीला जड जात नाही. पण ७५ कि.ग्रॅ. वजनाच्या माणसाने पुढच्या कडेवर, म्हणजे भिंतीपासून ४०० मि.मी. अंतरावर, पूर्ण भार टाकला, तर बेसिनच्या पाठीची खालची कड भिंतीवर दाबली जाते आणि वरचे दोन बोल्ट बाहेर ओढले जातात. बोल्ट त्या खालच्या कडेपासून १२० मि.मी. उंचीवर असल्यास हिशेब असा होतो : माणसाचे ७५ गुणिले ४०० आणि बेसिनचे २० गुणिले २०० मिळून ३४,०००, भागिले १२०, म्हणजे सुमारे २८३ कि.ग्रॅ. दोन बोल्टांत वाटले तर प्रत्येकावर १४० कि.ग्रॅ.ची ओढ येते. वीस किलोंची वस्तू भिंतीपासून का निसटते, याचे उत्तर या १४० मध्ये आहे. युरोपीय मानक ईएन १४६८८ नुसार भिंतीवरील बेसिनला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० कि.ग्रॅ. भाराची चाचणी तासभर द्यावी लागते. त्यामुळे ७५ कि.ग्रॅ.चे गणित अतिशयोक्त नाही.

गिट्टीच्या पाकिटावर छापलेला आकडा वाचताना तो तुटण्याचा भार आहे की सुरक्षित भार, हे पाहणे अत्यावश्यक आहे, कारण सुरक्षित भार हा तुटण्याच्या भाराचा लहानसा अंशच असतो. शिवाय तो आकडा एका विशिष्ट भिंतीसाठी असतो. काँक्रीटमध्ये मिळणारी पकड भाजलेल्या भरीव विटेत कमी होते आणि हलक्या एएसी ब्लॉकमध्ये, ज्याला आपल्याकडे मिस्त्री सर्रास सिपोरेक्स म्हणतात, ती कित्येक पटींनी घटते.

ठाणे आणि नवी मुंबईत या तिन्ही भिंती शेजारीशेजारी आढळतात. जुन्या सोसायट्यांतून न्हाणीघराची आतली भिंत बहुधा अर्ध्या विटेची, सुमारे ११५ मि.मी. जाडीची असते, नव्या उंच इमारतींत कुठे सिपोरेक्स, तर कुठे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत असते. टाइल लागल्यावर बाहेरून काहीच कळत नाही, पण ड्रिल मशीनच्या टोकावर येणारा भुगा भिंत सांगतो. आधी टाइलचा पांढुरका, मग प्लास्टरचा करडा भुगा येतो. त्यानंतर लालसर भुगा आला तर वीट लागली. करडाच येत राहून मशीन कष्टाने चालले तर काँक्रीट समजावे. आणि ड्रिल लोण्यात शिरावे तसे शिरून मऊ पांढरी भुकटी सांडू लागली तर सिपोरेक्स. लाल भुगा मधेच करडा होऊन ड्रिल सैल धावले तर भोक दोन विटांच्या सांध्यात गेले आहे, आणि तिथे गिट्टी ठेवू नये.

ठाण्याच्या नौपाड्यातील जुन्या इमारतीत नूतनीकरणानंतर ही गोष्ट कशी चुकते, हे एका नमुन्यावरून पाहू. टाइल ८ मि.मी., तिच्यामागचा मसाला २० मि.मी. आणि जुने प्लास्टर १५ मि.मी., म्हणजे विटेपर्यंत पोहोचायलाच ४३ मि.मी. खर्च होतात. कारागीर ७० मि.मी.ची गिट्टी टाइलच्या पातळीला बसवितो, तेव्हा विटेत तिचा केवळ २७ मि.मी. भाग उरतो, बाकीची ती टाइल आणि पोकळ मसाल्याला धरून असते, आणि आवळताना फुगून टाइलला तडा देते. योग्य पद्धत अशी की टाइलमधून मशीनचा हॅमर बंद ठेवून भोक पाडावे, विटेत शिरल्यावर एकूण खोली सुमारे १२५ मि.मी. ठेवावी, हातपंपाने भुगा फुंकून काढावा आणि गिट्टी आतपर्यंत ढकलून तिचे तोंड प्लास्टरच्या मागे विटेच्या पातळीला न्यावे. त्यासाठी बोल्ट १६० मि.मी.च्या आसपास लांब लागतो. बेसिनसोबत बऱ्याचदा मिळणारा १०० ते १२० मि.मी.चा बोल्ट इथे अपुरा पडतो. पाठीमागे स्वयंपाकघर असेल तर विटेचे शेवटचे सुमारे ३० मि.मी. शिल्लक राहतात, याची खात्री आधी करावी, नाहीतर पलीकडचे प्लास्टर फुटते.

सिपोरेक्सच्या भिंतीत साधी गिट्टी अपुरी ठरते, आणि तिथे मोठी गिट्टी घालणे हा उपाय नव्हे. पलीकडची बाजू मोकळी असल्यास बोल्ट आरपार नेऊन मागे लोखंडी पट्टी लावणे सर्वांत भरवशाचे. ते शक्य नसेल तर त्या जागचे ब्लॉक कापून काँक्रीटचा ठोकळा भरावा आणि तो पक्का झाल्यावरच त्यात बोल्ट घ्यावा.

ब्रॅकेटचे काम गणितातून स्पष्ट होते. वरच्या बोल्टपासून ब्रॅकेटच्या खालच्या टेकेपर्यंतचे अंतर २५० मि.मी. झाले, तर तीच ३४,००० ची संख्या २५० ने भागली जाते आणि प्रत्येक वरच्या बोल्टवरची ओढ १४० वरून ६८ कि.ग्रॅ.वर येते. तरीही ब्रॅकेट आहे म्हणून पाठीचे बोल्ट गाळू नयेत : ब्रॅकेट ३०० मि.मी.चे आणि बेसिन ४५० मि.मी.चे असेल, तर पुढच्या कडेवर जोर येताच बेसिन ब्रॅकेटच्या टोकावर उलटू पाहते, आणि ते मागचे बोल्टच धरून ठेवतात. रंग दिलेले लोखंडी ब्रॅकेट सततच्या ओलीत आणि खाडीकाठच्या खारट हवेत रंगाखालून गंजते, म्हणून ठाण्याच्या खाडीलगतच्या वस्तीत ते स्टेनलेस स्टीलचे घेणे योग्य.

नट घट्ट करताना चिनी मातीला थेट धातू लागू देऊ नये. रबर किंवा नायलॉनचा वॉशर टेकला की अर्धा फेरा पुरेसा असतो. पाठीमागची फट पांढऱ्या सिमेंटने भरण्याची आपल्याकडची रूढी मात्र घातक आहे, कारण ते भार घेत नाही, फक्त सैलपणा लपविते. सिलिकॉनची पातळ रेघ पाणी अडविते आणि हालचाल झाकत नाही.

बेसिन सुटू लागल्याची पहिली खूण वरच्या कडेला दिसते : भिंत आणि बेसिन यांच्यामध्ये केसाएवढी काळी रेघ उमटते. पुढची कड हाताने हलकेच दाबताना त्या रेघेत जुने कागदी तिकीट सरकू लागले, तर वरचा बोल्ट ढिला झालेला आहे. कधी त्याआधी बाटलीट्रॅपच्या जोडातून थेंब पडू लागतो, कारण बेसिन खाली झुकले तरी निचऱ्याचा पाइप जागचा हलत नाही. अशा वेळी नट आवळणे निरुपयोगी, कारण भोक आधीच मोठे झालेले असते. बेसिन उतरवून नवीन भोक जुन्यापासून किमान ७०-८० मि.मी. दूर, सबळ विटेत घ्यावे लागते, आणि बेसिनची भोके ठरलेल्या अंतरावरच असल्यामुळे त्यासाठी सगळे बेसिनच बाजूला किंवा वर-खाली सरकवावे लागते.