पानावर अनोळखी शब्द किती? ग्रेडेड रीडरची पातळी मोजून ठरवताना

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मर्यादित शब्दांत लिहिलेल्या ग्रेडेड रीडरमधून आपल्या पातळीचे पुस्तक कसे निवडावे, हे समजून घ्यायला आधी एक मराठी उतारा पाहू. तो एकदाच, परत मागे न जाता वाचा.

‘पावसाळा सुरू झाला तशी शाळेची वाट चिखलाने भरून गेली. राधाने चप्पल हातात घेतली आणि ती मोंदळापर्यंत आली. मोंदळाला गढूळ पाणी चढले होते. पलीकडे मास्तर उभे होते. त्यांनी हात वर करून तिला तिथेच थांबायला सांगितले. मग त्यांनी जवळच्या झाडाला एक लुंबार बांधला, दुसरे चिभे कमरेला तेमटले आणि ते सावकाश पाण्यात उतरले.’

या उताऱ्यात 50 शब्द आहेत. त्यांतल्या पाच जागी मराठीत नसलेले, बनावट शब्द घातले आहेत. म्हणजे 90 टक्के शब्द ओळखीचे आहेत. पाऊस, शाळा, मास्तर हे सगळे कळते, पण मास्तरांनी नेमके काय केले? लुंबार म्हणजे दोर असेल, किंवा ट्यूबही असू शकेल. मोंदळ हा ओढा, नदी की तळे, तेही नक्की सांगता येत नाही. आता ‘मोंदळ’च्या जागी ‘ओढा’, ‘चिभे’च्या जागी ‘टोक’ आणि ‘तेमटले’च्या जागी ‘गुंडाळले’ ठेवा. एकटा ‘लुंबार’ अनोळखी उरतो. ज्याला दुसरे टोक असते आणि जे कमरेला गुंडाळता येते ते दोरच असणार. कोश न उघडता, वाचनाची लय न मोडता नवा शब्द कळला. ही 98 टक्क्यांची पातळी.

फरक फक्त आठ टक्क्यांचा दिसतो, पण पहिल्या रूपात अनोळखी शब्दाचा अर्थ ज्या शब्दांवरून लागायचा तेच शब्दही अनोळखी होते. ‘संदर्भावरून अर्थ लावा’ हा सल्ला शाळेत सर्रास दिला जातो. तो उपयोगी पडतो तो संदर्भ स्वतः समजत असेल तेव्हाच.

हू आणि पॉल नेशन या भाषासंशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच धर्तीचा होता. एका इंग्रजी कथेतले काही शब्द बदलून त्यांनी तिथे बनावट शब्द घातले आणि तिच्या 80, 90, 95 व 100 टक्के ओळखीच्या अशा चार आवृत्त्या इंग्रजी शिकणाऱ्यांना वाचायला दिल्या. 80 टक्क्यांवर कोणालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. 90 आणि 95 टक्क्यांवर काहींना समजली, पण बहुतेकांना नाही. बहुतेकांना मदतीशिवाय समजायला साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, हा आकडा त्यांनी या निकालांवरून काढला. पुढे 2011 मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात दिसले की आकलन एखाद्या आकड्यापाशी अचानक उडी घेत नाही, ओळखीचे शब्द वाढतील तसे ते हळूहळू वाढते. म्हणून 98 हा उंबरठा मानू नये. पुस्तक निवडताना नजरेसमोर ठेवायची ती एक खूण आहे.

इथे एक अडचण येते. प्रौढांसाठी लिहिलेली इंग्रजी कादंबरी 98 टक्के ओळखीची व्हायला नेशन यांच्या 2006 सालच्या हिशेबाप्रमाणे आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे माहीत असावी लागतात. ‘रीड, रीडर, रीडिंग’ ही सगळी मिळून एक शब्दकुटुंब. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या वाचकाला यातली दोन-तीन हजारच नीट येत असतील, तर कादंबरीच्या 300 शब्दांच्या पानावर 15 हून जास्त शब्द अडतील. ती तिसऱ्या पानावर मिटली जाते, आणि दोष मात्र वाचक स्वतःच्या इंग्रजीला देतो.

ही दरी भरण्यासाठीच ग्रेडेड रीडर असतात. ठरावीक शब्दसंख्येच्या आणि सोप्या वाक्यरचनेच्या मर्यादेत नव्याने लिहिलेली किंवा संक्षिप्त केलेली ही पुस्तके. त्यांच्या सुरुवातीच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच उपखंडातला आहे. मायकल वेस्ट हे ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करत होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनमालांत नवे शब्द फार दाटीने येतात आणि पुरेसे परत येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. 1920 च्या दशकात त्यांनी दुर्मीळ शब्द काढून, नवे शब्द विरळ पेरून आणि पुन्हा पुन्हा आणून वाचनमाला तयार केली.

आज ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पातळ्या अशा चढतात: स्टार्टर 250 मुख्य शब्द, मग 400, 700, 1000, 1400, 1800 आणि सहावीला 2500. केंब्रिजच्या मालिकेत मात्र चौथी पातळी 1900 शब्दांची आहे, ऑक्सफर्डची चौथी 1400 ची. म्हणून मुखपृष्ठावरचा ‘लेव्हल 4’ हा शिक्का दोन प्रकाशनांत तुलनेला घेऊ नये, आत किंवा मागे छापलेली शब्दसंख्या पाहावी. आणि तीही फक्त अंदाज देते. तुम्हाला येणारे हजार शब्द आणि मालिकेने निवडलेले हजार शब्द एकच असतील असे नाही. पाठ्यपुस्तकांतून इंग्रजी शिकलेल्याला ‘फोटोसिंथेसिस’ येतो आणि चुलीवरून भांडे ‘उतरवणे’ इंग्रजीत सांगता येत नाही. म्हणून शेवटी मोजायचे ते पानच.

मोजायची पद्धत सोपी आहे. पुस्तकाच्या मधली, चित्र नसलेली तीन पाने घ्या. पहिले पान नको, कारण तिथे स्थळाचे आणि माणसांचे वर्णन दाटलेले असते आणि पुस्तक आहे त्याहून अवघड भासते. एका ओळीतले सरासरी शब्द गुणिले ओळी, एवढ्यावर पानाची शब्दसंख्या मिळते. नेहमीच्या वेगाने वाचत जा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाशी समासात पेन्सिलीने बारीक ठिपका द्या. थांबायचे नाही, कोश उघडायचा नाही. माणसांची आणि गावांची नावे मोजायची नाहीत. शंभर शब्दांमागे दोनपर्यंत ठिपके असतील तर पुस्तक योग्य. म्हणजे 250 शब्दांच्या पानावर पाच, स्टार्टरच्या शंभर शब्दांच्या पानावर दोनच. ‘पानावर पाच शब्द चालतील’ हा ऐकीव नियम छोट्या पानावर म्हणूनच फसतो.

एक उदाहरण करून पाहू. समजा 1400 शब्दांच्या पातळीचे पुस्तक घेतले. तीन पानांत 750 शब्द, ठिपके 27. हे 3.6 टक्के झाले, म्हणजे दर 28 शब्दांमागे एक अडखळा. पण ठिपके नीट पाहिले तर त्यांतले नऊ एकाच शब्दाचे निघतात: गोष्ट दीपगृहात घडते आणि ‘लाइटहाऊस’ सतत येतो. तो शब्द मागच्या शब्दसूचीत एकदा पाहिला की पुढे अडत नाही. उरले 18, म्हणजे 2.4 टक्के. पुस्तक काठावर आले. आता 1000 शब्दांच्या पातळीचे दुसरे पुस्तक: 690 शब्दांत 11 ठिपके, 1.6 टक्के. वाचायला सुरुवात याच पुस्तकाने करावी. दीपगृहाची गोष्ट खूपच ओढ लावत असेल तर तीही चालेल, कारण विषयाची ओढ आणि माहिती थोडी कसर भरून काढते. पण सलग चार पुस्तके काठावरचीच निवडली तर वाचन पुन्हा अभ्यास होऊन बसते.

या मोजणीत दोन चुका हमखास होतात. पहिली, ‘कुठेतरी पाहिलाय’ असा शब्द ओळखीचा धरणे. कसोटी कडक ठेवा: या वाक्यातला अर्थ विचार न करता सुचला तरच शब्द येतो, अंधुक असेल तर ठिपका. दुसरी चूक जास्त लपलेली आहे. ‘शी रन्स अ स्मॉल हॉटेल’ या वाक्यात एकही ठिपका पडणार नाही. ‘रन’ म्हणजे धावणे येते, ‘हॉटेल’ तर मराठीच झालेला. पण इथे ती बाई राहण्याची सोय असलेले छोटे हॉटेल चालवते आहे, वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र मिसळ आणि चहाचे हॉटेल उभे राहते. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, ‘मेक आउट’ म्हणजे कसेबसे दिसणे किंवा उमगणे. अशा जोड्यांतला प्रत्येक शब्द पहिलीतला असतो. ठिपके कमी आणि तरी गोष्ट हातातून निसटतेय असे वाटले, तर कारण बहुधा हेच असते.

म्हणून ठिपक्यांसोबत आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पान मिटून त्यात काय घडले ते मराठीत दोन वाक्यांत सांगता येते का? आणि घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द होतात? शंभराच्या खाली असाल तर तुम्ही बहुधा मनात प्रत्येक वाक्याचे भाषांतर करत आहात. ठिपके कितीही कमी असले तरी अशा वेळी एक पातळी खाली उतरावे. दीडशेच्या वर वेग गेला की एकेका शब्दापाशी थांबून अर्थ लावत बसावे लागत नाही, आणि सोप्या पुस्तकांचा मोठा फायदा नेमका तोच आहे. ओळीवर मराठी अर्थ लिहून ठेवण्याची सवय या वेगाला मारक ठरते, कारण दुसऱ्यांदा नजर इंग्रजीकडे न जाता थेट मराठीकडे जाते.

वाचून शब्द किती पक्के होतात? वेरिंग आणि ताकाकी यांनी जपानमध्ये केलेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका ग्रेडेड रीडरमधले 25 शब्द बनावट शब्दांनी बदलले होते. वाचून झाल्यावर लगेच वाचकांना सरासरी चार-पाच शब्दांचा अर्थ स्वतःहून सांगता आला. तीन महिन्यांनी मात्र जेमतेम एकाचा. आकडा निराश करणारा वाटेल, पण कारण उघड आहे: वाचन एकाच पुस्तकापाशी थांबले होते. शब्द विसरायच्या आत तो पुन्हा भेटायला हवा. म्हणूनच नेशन आणि वांग यांनी सुचवले की आठवड्याला एक पुस्तक व्हावे आणि एका पातळीची निदान पाच पुस्तके वाचून मगच वर जावे. ग्रेडेड रीडरमध्ये त्या पातळीचे शब्द मालिकेतल्या इतर पुस्तकांतही मुद्दाम आणलेले असतात, त्यामुळे पाचव्या पुस्तकापर्यंत ते अनेकदा भेटून जातात.

पाच पुस्तके झाली की वरच्या पातळीच्या पुस्तकाची मधली तीन पाने काढून पुन्हा ठिपके मोजावेत. शंभरामागे दोनच्या आत आले तर वर जावे, तीन-चार आले तर याच पातळीची आणखी दोन-तीन पुस्तके घ्यावीत. सुरुवातीला 400 वरून 700 वर जाताना 300 शब्दांची भर असते, पण 1800 वरून 2500 वर जाताना ती 700 शब्दांची असते. त्यामुळे वरच्या टोकाला एका पातळीवर जास्त पुस्तके लागतात, आणि तिथे रेंगाळणे हे मागे पडण्याचे लक्षण नसते. 2500 नंतरही मूळ कादंबरी लगेच 98 टक्क्यांवर येत नाही. तिथे किशोरांसाठी लिहिलेल्या मूळ इंग्रजी कथा घ्याव्यात, एकाच लेखकाची दोन-तीन पुस्तके सलग वाचावीत. लेखकाचे ठरलेले शब्द आणि वळणे परत परत येतात आणि दुसऱ्या पुस्तकात ठिपके पहिल्यापेक्षा बहुधा कमी पडतात.