रेघा, कावळा आणि वीट : वाट पाहणारीच्या भक्तिगीतामागची परंपरा

देवाची वाट पाहणारी बाई हा मराठी भक्तिगीतातला जुना आवाज आहे, पण तो देवळात जन्मला नाही. त्याचं मूळ घराच्या उंबऱ्याशी आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा जो संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखला जातो, त्यात प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या कितीतरी बायका आहेत. देव नाही, तत्त्वज्ञान नाही. नवरा परगावी गेलाय आणि पावसाआधी त्याने परतायला हवं, इतकंच.

त्या गाथांमधल्या दोघी मला विसरता येत नाहीत. पहिली भिंतीवर दिवसाला एक रेघ ओढायला बसते. पण ‘आज गेला, आज गेला’ असं म्हणत पहिल्या दिवसाच्या पहिल्या अर्ध्यातच ती सगळी भिंत रेघांनी भरून टाकते. दुसरी बोटांवर दिवस मोजते. हातांची बोटं संपतात, पायांची संपतात, आणि ‘आता कशावर मोजू?’ म्हणत ती रडू लागते. ‘फार दिवस झाले’ हे शब्द दोघींपैकी एकीच्याही तोंडी नाहीत. मोजायचं साधनच अपुरं पडलं, त्यावरून आपल्याला काळ कळतो. पुढे विरहाचं जे जे चांगलं गाणं झालं, त्याच्या मुळाशी ही युक्ती आहे.

दुसरी खूण कावळ्याची. कावळा ओरडला की पाहुणा येतो, असं आपण आजही म्हणतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात अपभ्रंशाचं उदाहरण म्हणून एक दोहा दिला आहे. त्यात बाई कावळा उडवते आहे. विरहाने हात इतके वाळलेत की हात हलवताच अर्ध्या बांगड्या गळून जमिनीवर पडतात. तेवढ्यात नवरा अचानक समोर दिसतो, आनंदाने हात भरून येतात आणि उरलेल्या अर्ध्या तडकन फुटतात. वाट पाहणं आणि भेट, दोन्ही एका बांगडीच्या मापात बसवलंय.

तेराव्या शतकात ज्ञानदेवांनी हाच कावळा उचलला. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ या विराणीत, म्हणजे विरहाच्या गाण्यात, घरी यायचा पाहुणा आता पंढरीराऊ आहे. बाकीचं मात्र लोकगीतातलं तसंच राहिलं. कावळ्याचे पाय सोन्याने मढवायचं आमिष, दहीभाताचा घास, दुधाची वाटी, सगळं घरातलं. देव आला म्हणून भाषा उंच झाली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आणखी एक बारकावा आहे. ही बाई विठ्ठलाशी बोलतच नाही. ती सखीला ‘गे’ म्हणते, ‘माये’ म्हणते, कावळ्याला विचारते. ज्याची वाट पाहायची तो समोर नाही, मग त्याला हाक तरी कशी मारणार? आज लिहिलेल्या विराण्यांमध्ये पहिल्याच ओळीत ‘हे देवा’ येतं आणि विरह तिथेच संपतो. देव ऐकायला समोर उभा असला, तर ती विनवणी झाली. विनवणीचं गाणं वेगळं असतं.

ज्ञानदेवांच्या आधीपासून बायकांची स्वतःची गाणीही चालू होती. 1129च्या सुमारास लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वर नोंदवतो की महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे संतांनी ओवी हाती घेण्याआधी ती उखळाशी आणि जात्याशी होतीच. जात्यावरच्या ओवीत आणखी एक वाट पाहणं आहे, आणि ते प्रियकराचं नाही. सासरी असलेली लेक माहेरच्या मुऱ्हाळ्याची, म्हणजे न्यायला येणाऱ्या भावाची, वाट पाहते. सतराव्या शतकात तुकोबांनी हे थेट अभंगात आणलं. त्यांच्या एका अभंगात दिवाळीच्या मुळाची आस लागलेली लेक पंढरीची वाट पाहते. मूळ म्हणजे माहेरचं बोलावणं, न्यायला आलेलं माणूस.

गाणं लिहायला बसणाऱ्याने आधी इथे ठरवावं : आपली बाई विरहिणी आहे की सासुरवाशीण? दोघींचं दुखणं निराळं. विरहिणीला चांदणं पोळतं, चंदन जाळतं, शेज सोसवत नाही. सासुरवाशिणीला चांदण्याशी देणंघेणं नाही, तिचे डोळे रस्त्याला लागलेले असतात आणि हात कामात. एकाच गाण्यात चंदनाची उटीही आली आणि भावाची बैलगाडीही आली, की बाईचा चेहरा पुसला जातो. असं गाणं ऐकताना ओळी गोड लागतात, पण कोण गातंय ते सांगता येत नाही. चूक ओळखायची खूण हीच.

मी स्वतः एक कडवं बांधून पाहिलं. घाट मोठ्या अभंगाचा घेतला : चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचं. पहिला खर्डा असा होता :

युगे युगे देवा पाहते मी वाट
आसवांचा पाट वाहे सदा

अक्षरं बरोबर, यमक बरोबर, चालीतही बसतं. पण यात बाई नाही. ‘युगे’ आणि ‘सदा’ हे मोजलेले दिवस नव्हेत, मोजणं टाळल्याची कबुली आहे. शिवाय पहिल्याच चरणात ‘देवा’ आलाय. मग मी त्या गाथेतल्या भिंतीकडे परत गेलो. रेघा ओढून वर्षं लोटली, तर त्या भिंतीचं काय झालं असेल? घर तर दरसाल सारवलं जातं, भिंतीला चुना लागतो.

भिंतीवरी रेघा चुन्याखाली गेल्या
नव्या उमटल्या हाती माझ्या

नव्या रेघा म्हणजे तिच्या हातावरच्या सुरकुत्या. ‘म्हातारी झाले’ असं तिला म्हणावं लागलं नाही. ती सासुरवाशीण आहे, काम करणारी आहे, हे चुन्याने सांगितलं.

शेवट मात्र अवघड गेला, कारण पंढरीच्या देवाची गोष्टच उलटी आहे. नवरा परगावी जातो, भाऊ दूर गावी असतो, पण विठ्ठल कुठेही गेलेला नाही. पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर तो अठ्ठावीस युगं उभा आहे, असं आपण आरतीत म्हणतो. म्हणजे वाट पाहणारा तोच. घर, शेत, लेकरं टाकून जिला निघता येत नाही ती ही बाई आहे. हे ध्यानात आलं की भेट घडवून गाणं संपवायचा मोह सुटतो. ज्ञानदेवांच्या ‘घनु वाजे’ या विराणीतही शेवटी कान्हा येत नाही. बाई आरशात पाहते आणि तिला आपलंच रूप दिसत नाही.

मला तितकं उंच जायचं नव्हतं. माझ्या बाईला थोडी तक्रार करू द्यायची होती, आणि तीही सखीकडेच. म्हणून शेवटच्या कडव्यात कोणीतरी पंढरीहून परतलेला माणूस निरोप आणतो :

वारकरी सांगे विटेवर खुणा
एक दीस उणा माझ्याहून